एक बोट उतरलेलं पाणी

नत्थुजी अरबट एसटीत चौतीस वर्षं होते, पण बस चालवायला नाही आणि तिकीट फाडायलाही नाही. ते तपासनीस होते. अकोल्याहून तेल्हाऱ्याला जाणारी गाडी भर उन्हात कुठल्यातरी फाट्यावर थांबायची, बाभळीखालून पांढऱ्या शर्टातला एक बारीक माणूस उठून चढायचा, आणि कंडक्टर घाईनं पिशवी चाचपायचा. "चेकर आला रे!" एवढं म्हणायला मागच्या सीटवरच्या पोराला जितका वेळ लागे, तितक्यात नत्थुजींनी पहिल्या चार रांगा तपासलेल्या असत. पथक कोणत्या रस्त्यावर उतरणार हे ते जीपच्या ड्रायव्हरलासुद्धा शेवटच्या वळणापर्यंत सांगत नसत. "सांगून केलेली तपासणी म्हंजे सोयरीक," असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीच्या दिवशी डेपोनं त्यांना शाल दिली, तर त्यांनी ती उलटून वीण पाहिली. ही गोष्ट अकोल्याच्या जठारपेठेत अजून सांगतात. नत्थुजी ती नाकारत नाहीत.

असा माणूस घरात बांधकाम काढतो तेव्हा मिस्त्रीचे ग्रह आधीच वक्री झालेले असतात.

काम तसं लहान होतं. मे महिन्यात आरती, म्हणजे लेक, नवऱ्याला घेऊन आठ दिवसांसाठी येते. खाली एकच बाथरूम. मागच्या वर्षी जावई टॉवेल खांद्यावर टाकून अर्धा तास दाराबाहेर उभे राहिले आणि आतून नत्थुजींचा "झालंच, झालंच" असा आवाज येत राहिला. त्याची लाज नत्थुजींच्या बायकोला, दुर्गाबाईंना, वाटली. नत्थुजींना नाही, पण दुर्गाबाईंना वाटली म्हणजे काम निघालंच. माडीवर, खालच्या स्वयंपाकघराच्या बरोबर डोक्यावर, पाच बाय सातचं बाथरूम करायचं ठरलं. काम जहीर मिस्त्रीला दिलं. पंचावन्नच्या आसपासचा, कमी बोलणारा माणूस. प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळे त्याचेच. पैसे तीन हप्त्यांत द्यायचे. तिसरा हप्ता, बावीस हजारांचा, "तपासणी झाल्यावर".

तपासणी हा शब्द ऐकून जहीर नुसता हसला होता. त्याला नत्थुजी अजून माहीत नव्हते.

यादी दिली दीक्षानं. नत्थुजींची पुतणी, अमरावतीत एका बिल्डरकडे साइटवर असते. तिनं मोबाइलवर सगळं लिहून पाठवलं. नत्थुजींनी ते मोबाइलवर ठेवलं नाही. दोनशे पानी वही आणली, पट्टीनं चार रकाने आखले: अनुक्रमांक, बाब, आढळलेली स्थिती, शेरा. आणि रविवारी सकाळी चष्मा पुसून, कानावर पेन्सिल ठेवून ते माडीवर चढले. मागून जहीर आणि त्याचा इलेक्ट्रिशियन.

"हे काय आहे, काकाजी?" जहीरनं वहीकडे पाहून विचारलं.

"तुझा पेपर आहे. बस खाली."

नत्थुजींनी रुपयाचं नाणं काढलं आणि एकेका फरशीवर वाजवायला सुरुवात केली. भरीव बसलेल्या फरशीचा आवाज ठस्स येतो, खाली पोकळी राहिली तर ठण्ण. भिंतीवरच्या दोन फरश्या ठण्ण वाजल्या. जहीरनं स्वतःच बोट ठेवलं, "ह्या दोन मी बदलून देतो." मग जमिनीवर बादली उपडी केली. पाणी चारही कोपऱ्यांतून जाळीकडे धावलं, कुठं तळं राहिलं नाही. जाळी उचलून पाहिली, आतल्या वाटीत पाणी उभं होतं. ते असलं म्हणजे गटाराचा वास वर येत नाही. कमोडवर बसून नत्थुजी डावी-उजवीकडे झुलले. हलला नाही. फ्लशमध्ये कागदाचे तुकडे टाकले, एका दमात गेले. बेसिनखाली वर्तमानपत्र पसरून नळ दहा मिनिटं सोडला, कागद कोरडा. गरम पाणी डाव्या नळाला, गार उजव्या. गिझरच्या प्लगला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियननं दिवा लावून दाखवलं.

"पास होऊन राहिलो ना?" जहीरनं विचारलं.

"परीक्षक पेपर तपासताना बोलत नसतो," नत्थुजी म्हणाले. पण मनात त्यांना जरा सुनं सुनं वाटत होतं. चौतीस वर्षांत ज्या गाडीत एकही विनातिकीट सापडला नाही, त्या गाडीतून उतरताना असंच वाटायचं.

शेवटची बाब राहिली होती. नत्थुजींनी वहीत तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या: जाळीला बूच लावून पाणी भरा, कडेला खूण करा, अठ्ठेचाळीस तास कुणी हात लावायचा नाही, शेजारी एक भरलेली बादली ठेवा म्हणजे उन्हानं किती उडालं ते वेगळं कळेल, मग खालचं छत बघा.

"हे मी फरशी बसवायच्या आधीच केलं होतं," जहीर म्हणाला. "वॉटरप्रूफिंगचा लेप मारल्यावर दोन दिवस पाणी भरून ठेवलं. तुमी तेव्हा तेल्हाऱ्याले लग्नाले होते."

"मी पाह्यलं नाही म्हंजे झालं नाही."

 जहीरनं स्वतः रबराचं बूच घट्ट बसवलं, उंबरठ्यापर्यंत पाणी भरलं. नत्थुजींनी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली, बादलीतही मारली, रेघेखाली वेळ आणि सही. दार ओढून घेतलं. जहीर गेला.

आणि घरात कुणालाही, म्हणजे दुर्गाबाईंनाही, नत्थुजींनी यातलं एक अक्षर सांगितलं नाही. सवय. ड्रायव्हरला सांगत नव्हते, तर बायकोला कशाला सांगतील?

मंगळवारी सकाळी ते माडीवर गेले तेव्हा बादलीतलं पाणी रेघेपासून सूतभर उतरलं होतं. ठीक, ऊन. जमिनीवरचं पाणी मात्र रेघेपासून पूर्ण एक बोट खाली होतं. नत्थुजींनी बोट लावून पाहिलं, पट्टी लावून पाहिलं. खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी वाईट वाटलं नाही. फाट्यावर बाभळीखाली तासभर बसल्यावर गाडीत विनातिकीट सापडला की जसं वाटायचं, तसं वाटलं.

त्यांनी जहीरला फोन केला. आणि एका माणसाला हाक मारून बोलावलं: समोरच्या बंगलीतला धर्मेंद्र, कापडाचं दुकान असलेला. धर्मेंद्रलाही घरी दोन बाथरूम करायची होती आणि तो जहीरलाच काम देणार होता. पथकात असताना नत्थुजी अहवालावर नेहमी एका प्रवाशाची साक्षीदार म्हणून सही घेत. तसंच हे.

"पाह्य, धर्मेंद्र. बादली सूतभर, जमीन बोटभर. फरक कुठी गेला?"

धर्मेंद्रनं उंबरठ्यावरून वाकून पाहिलं. "मुरलं वाटते."

जहीर उकिडवा बसून रेघेकडे पाहत होता. मग उठला, खाली गेला, स्वयंपाकघराचं छत हातानं चाचपून परत वर आला. "काकाजी, खाली छत कोरडं ठाक हाये. डाग नाही, ओल नाही. इतकं पाणी मुरलं असतं तं थेंब टपकला असता. भिंतीलेही बाहेरून ओल नाही."

"मंग गेलं कुठी? उडून?"

"ते मलेही समजून नाही राहिलं."

"समजून नाही राहिलं!" नत्थुजी धर्मेंद्रकडे वळले. "चौतीस वर्षं हेच आयकलं मी. प्रवासी बसला कवा, समजलं नाही साहेब. तिकीट कसं राह्यलं, समजलं नाही साहेब. चोराच्या तोंडी एकच वाक्य असते."

जहीरनं मान वर केली.  आवाज चढवला नाही. "चोर म्हटलं काय, काकाजी?"

"उदाहरण दिलं."

"बरं." त्यानं बूच काढलं. पाणी गुळगुळ करत निघून गेलं. "जाळीजवळच्या तीन फरश्या तोडतो. गळत असंन तं तिथूनच गळंन, पाइपाच्या जोडाजवळून. तुमच्यासमोर तोडतो. लेप फुटला निघाला तं सगळं उखडून फुकटात नवं करून देतो. वहीत लिहून घ्या."

धर्मेंद्रला दुकान उघडायचं होतं. जाताना तो जिन्यात नत्थुजींच्या कानाशी म्हणाला, "बरं झालं साहेब, तुमी होते म्हणून. मी तं आंधळेपणानं देऊन राहिलो होतो याले." नत्थुजींनी मान हलवली. छाती जरा पुढं आली होती, ती तशीच राहिली.

वर छिन्नी-हातोड्याचे ठोके सुरू झाले. नत्थुजी चहा सांगायला खाली उतरले.

स्वयंपाकघरात दुर्गाबाई कुरडयांचा गहू वाटत होत्या आणि बाजूच्या खोलीतला कूलर घरघरत होता. त्या आठवड्यात नळ पाच दिवस आला नव्हता आणि रविवारच्या तपासणीत घरची टाकीही तळाला गेली होती. कॉलनीतले अर्धे कूलर कोरडे पडले होते. गार वाऱ्याचा झोत नत्थुजींच्या मानेवर आला आणि त्यांना बरं वाटलं. क्षणभरच.

"कूलरमधी पाणी कुठलं टाकलं?" त्यांनी विचारलं. सहज. अगदी सहज.

"वरचं," दुर्गाबाई म्हणाल्या. "काल दुपारी कुरडया टाकाले गच्चीवर गेली होती, तं तुमच्या त्या नव्या बाथरूममधी हे एवढं नितळ पाणी साचून. मले वाटलं मिस्त्रीनं फरशी भिजत ठेवली असंन, फेकूनच देईन. चार बादल्या काढल्या मगानं. चांगलं पाणी वाया कायले घालवा? कावून, काय झालं?"

वर हातोडा पडला. ठक्क. फरशीचा तुकडा सुटल्याचा आवाज आला.

नत्थुजी उभे होते तिथंच उभे राहिले. चार बादल्या. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला, पाच बाय सात, साठेक लिटर, बरोबर एक बोट. हिशेब इतका चोख जुळला की त्यात पळवाट शोधायला जागाच उरली नाही.

"तुमचं तोंड असं कावून झालं?"

"काही नाही. चहा टाक."

आता खरं म्हणजे काय करायचं होतं? जिन्याच्या अकरा पायऱ्या चढायच्या आणि म्हणायचं, थांब जहीर. एवढंच. पहिलीच फरशी फुटली होती. नत्थुजी पायऱ्यांपर्यंत गेले. मग परत आले. म्हणाले, चहा होऊ दे, चहासोबत सांगू. चहा झाला तेव्हा दुसरी फरशी फुटली होती. ते कप घेऊन वर गेले, उंबरठ्यावर उभे राहिले, आणि जहीरनं मान वर करून "ठेवा" म्हटलं, तेव्हा त्यांनी कप ठेवला. तिसरी फरशी त्यांच्या डोळ्यांदेखत फुटली.

जहीरनं फरशीखालचा सिमेंटचा मसाला खरवडून काढला. तो ओला होता, पण तो ओला असणारच. सांध्यांतून पाणी तिथवर जातंच. त्याखाली काळा लेप होता, पाइपाच्या गळ्यापर्यंत सलग चढवलेला, कुठं चीर नाही. जहीरनं करणीच्या टोकानं लेपाचा नखाएवढा कोपरा उचलला. खालचं काँक्रीट पांढरं, कोरडं.

"हात लावा, काकाजी."

नत्थुजींनी हात लावला नाही. "दिसून राहिलं," ते म्हणाले.

"मंग लिहा."

त्यांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं याचाही त्यांना राग आला. जहीरनं लेप पुन्हा मारला, तो वाळला, फरश्या बसल्या, चौथ्या दिवशी पुन्हा पाणी भरलं. या वेळी दाराला साखळी आणि साखळीला कुलूप. दोन दिवसांनी जमीन आणि बादली दोन्हीकडचं पाणी सूतभरच उतरलं होतं. नत्थुजींनी बावीस हजार दिले, एक रुपया न कापता. जहीरनं पाकीट न मोजता खिशात टाकलं.

"काकाजी, एक काम करा. धर्मेंद्रभाऊले एक फोन लावा. सांगा, बाथरूम गळत नव्हतं म्हणून."

"लावतो."

"आज लावा."

"हो रे, लावतो म्हटलं ना."

त्यांनी लावला नाही. फोन करायचा तर धर्मेंद्र विचारणार, मग पाणी गेलं कुठं? आणि ज्या माणसानं तुम्हाला जिन्यात 'बरं झालं तुमी होते' म्हटलं, त्याला कूलरची गोष्ट कशी सांगायची? एक दिवस गेला, दोन गेले. नत्थुजी कूलरच्या खोलीत झोपेनासे झाले. त्रेचाळीस अंशांत ते ओट्यावर वर्तमानपत्रानं वारा घेत बसायचे. दुर्गाबाईंना वाटलं, गार वारा सांध्यांना लागतो. मग चौथ्या दिवशी त्यांनी धर्मेंद्रच्या फाटकातून अनोळखी माणसं घमेली घेऊन आत जाताना पाहिली आणि नवऱ्याला विचारलं, "ते काम तं जहीरले देणार होते ना?"

तेव्हा नत्थुजींनी सांगितलं. पूर्ण. चहाच्या कपासकट.

 दुर्गाबाई म्हणाल्या, "मले आवाज द्यायचा ना. मी आली असती वर. माही चूक आहे म्हणून सांगतलं असतं. तुमची इज्जत राह्यली असती."

हे मात्र नत्थुजींना सहन झालं नाही. कारण हा उपाय त्यांनाही जिन्यापाशी सुचला होता, आणि अर्धा मिनिट बराही वाटला होता.

त्या रात्री त्यांना एक कंडक्टर आठवला. देवानंद नावाचा, दानापूरकडचा. बारा रुपयांचा फरक निघाला होता, आणि तो म्हणत होता, "साहेब, समजून नाही राहिलं." नत्थुजींनी त्याच्या पिशवीच्या अस्तराचं भोक तेव्हा पाहिलं होतं का? पाहिलं असेल. नसेलही. अहवालात रकाना नव्हता.

सकाळी ते धर्मेंद्रच्या दुकानात गेले. दोन बायका साड्या पाहत होत्या. नत्थुजींनी त्या जाण्याची वाट पाहायची असं ठरवलं होतं, पण त्या ब्लाउजपीस काढायला लागल्या आणि त्यांना स्वतःची भीती वाटली. पाच मिनिटं थांबलो तर पुन्हा चहा होईल. म्हणून उभ्यानंच बोलून टाकलं. साड्यांवाल्या बायका हसल्या. धर्मेंद्र तर गल्ल्यावर हात आपटून हसला.

"कूलरमधी! साहेब, तुमी तं कमाल केली!" मग हसू ओसरलं. "पण आता काय फायदा? मी दुसऱ्याले अॅडव्हान्स देऊन बसलो. त्यानं जुनी फरशी उखडून टाकली. जहीरले माहं नाव सांगा, पुढच्या टायमाले पाहू."

पुढच्या टायमाले. माणूस आयुष्यात किती वेळा बाथरूम बांधतो?

जहीर गोरक्षण रोडवर एका घरी काम करत होता, असं त्याच्या प्लंबरनं सांगितलं. नत्थुजी शेअर ऑटोनं गेले. दुसऱ्या मजल्यावर जहीर बेसिनच्या सांध्याला सिलिकॉन लावत होता. नत्थुजींना पाहून त्याला आश्चर्य वाटलं नाही, किंवा त्यानं ते दाखवलं नाही.

"जहीर, ते पाणी…"

"दुर्गाबाईंनी काढलं होतं," जहीर म्हणाला. बोट तसंच चालत होतं, सांध्यावरून सरळ. "तुमी चहा घिऊन आले न, तवाच समजलो. त्या आधी तुमी माझ्या डोक्यावर उभे होते, रेघेवर नजर ठिवून. चहा ठेवल्यावर माझ्याकडं पाहतच नव्हते. अन् नळ आला नसतानाही खाली कूलर चालू होता."

"मंग बोलला कावून नाही?"

"मी बोललो असतो तं तुमी काय म्हटलं असतं? चोरानं बाईवर ढकललं." त्यानं बोट फडक्याला पुसलं. "म्हणून म्हटलं फोन लावा. तुमाले मोकळं केलं होतं मी. पाणी कुठी गेलं ते सांगायचंही काम नव्हतं."

नत्थुजींनी खिशातून पैसे काढले. तीन फरश्या, मसाला, लेप, दोन दिवसांची हजेरी, सगळं त्यांनी जोडून आणलं होतं. जहीरनं फरश्यांचे आणि लेपाचे घेतले. हजेरीचे परत केले.

"हे ठेव रे."

"नको. फरशी मी माझ्या नावासाठी तोडली होती. त्याचे तुमच्याकडून नाही घेत."

धर्मेंद्रनं दुसऱ्याला काम दिल्याचं नत्थुजींनी सांगितलं. जहीरला ते माहीत होतं. त्याला बरंच काही माहीत असायचं, हे नत्थुजींना आता कळत होतं.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. घराची मालकीण, प्रियदर्शनी नावाची, शाळेत शिक्षिका, हातात मोबाइल घेऊन वर आली. "मिस्त्री, झालं का? शेवटचा हप्ता द्यायच्या आधी माझ्या भावानं यादी पाठवली आहे. नाणं वाजवून बघायचं म्हणे. आणि दोन दिवस पाणी भरून ठेवायचं." मग तिला नत्थुजी दिसले. "हे कोण?"

 जहीरनं नत्थुजींकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, दयाही नव्हती. बस थांबल्यावर कंडक्टर दार उघडून धरतो आणि चढायचं की नाही ते प्रवाशावर सोडतो, तेवढंच.

"मी नत्थुजी अरबट," ते म्हणाले. "जठारपेठ. याच्याकडून मी बाथरूम करून घेतलं." मग तिच्या मोबाइलकडे बोट केलं. "ताई, पाणी भराल तं आधी घरातल्या समद्यांले सांगा. मी सांगतलं नव्हतं."

"मग काय झालं?" तिनं उत्सुकतेनं विचारलं आणि कडेचं रिकामं घमेलं पालथं घालून त्यावर बसली.

नत्थुजींनी सांगायला सुरुवात केली. रेघ, बादली, एक बोट. कूलरपाशी आले तेव्हा ती खळखळून हसली. इथं थांबलं असतं तर छान गमतीची गोष्ट झाली असती. त्यांना तेही दिसलं. पाणी कुणी काढलं, बायको किती भोळी, झालं. जहीर सिलिकॉनची नळी झाकत होता, मान खाली.

"नाही, पुढं आहे," नत्थुजी म्हणाले. "मले समजलं तवा एकच फरशी फुटली होती."

ती हसायची थांबली.